लग्नाला जाणं जमणार नसेल तर काय, कसं, कुणाला सांगायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तुळशीचं लग्न लागलं की पत्रिका सुरू होतात, आणि त्यांच्या मागोमाग आमच्याकडे मेसेजही: "जायला जमत नाही, पण नातं तोडायचं नाही, काय सांगू?" बीड, जालना, परभणी, लातूर, जिल्हा कुठलाही असो, अडचणी बऱ्याचशा सारख्याच असतात. पुन्हापुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरातलं दुसरीकडे परत लिहिलेलं नाही, फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पत्रिका द्यायला माणसं दारात आली आहेत. जमणार नाही हे तेव्हाच सांगून टाकू का?

नको. पत्रिका आधी देवापुढे ठेवून, तिला हळद-कुंकू लावून मग माणूस घराबाहेर पडलेला असतो. उन्हातान्हात दहा गावं फिरून आलेल्या पाहुण्याला उंबऱ्यातच "नाही" ऐकवू नये. आत बसवा, पाणी द्या, चहा ठेवा. कुंकू लावून घ्या, पत्रिका हातात घेऊन त्यांच्यासमोर उघडा, मुहूर्त वाचा, नवरा-नवरीची चौकशी करा.

वाचताना तारखेची अडचण दिसलीच तर "त्या दिवशी एक काम ठरलेलं आहे, बघून दोन दिवसांत फोन करतो" एवढं पुरे. पण फोन मग खरंच दोन दिवसांत गेला पाहिजे. तोंडदेखलं "येतो की!" मात्र म्हणू नका, कारण पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

याला एक अपवाद आहे. पाहुणे तिथेच एखादं काम तुमच्यावर टाकत असतील, म्हणजे "पंगतीचं तुम्हीच बघायचं" किंवा "वऱ्हाडाच्या गाड्या तुमच्याकडे", तर त्याच बैठकीत हात जोडून सांगा. भरवशावर काम सोडून माणूस निघून गेला आणि तुम्ही नंतर नकार दिलात, तर तो राग लग्नानंतरही बरेच दिवस टिकतो.

२. "बघतो, जमवतो" म्हटलं की समोरच्याला कळतंच ना?

कळत नाही. आपल्याकडे "जमवतो" म्हणजे येणार. जेवणाचं एक ताट कमी-जास्त झालं तर आचाऱ्याला काही फरक पडत नाही, चारशेची पंगत साडेचारशे जेवते. पण घरच्या माणसाचा हिशोब ताटावर नसतो. त्याच्यासाठी फेटा धरलेला असतो, गाडीत जागा ठेवलेली असते, मुक्कामाची खोली बघितलेली असते, आणि वेळेवर "अण्णा कुठं आहेत?" म्हणून मांडवभर शोधाशोध होते.

म्हणून वाक्य सरळ असू द्या: "काका, या वेळी माझं येणं होणार नाही." त्यापुढे कारण, आणि त्यापुढे घरून कोण येणार ते. "नाही" हा शब्द एकदाच आणि लवकर येऊन गेला की उरलेलं बोलणं मायेचं ठेवता येतं. दहा मिनिटं आडवळणानं बोलून शेवटी नकार दिला की समोरचा ती दहा मिनिटंच लक्षात ठेवतो.

३. कधी सांगायचं, आणि नेमकं कुणाला?

पत्रिका मिळाल्यापासून तीन-चार दिवसांत. काही कारण उशिरा उपटलं तरी लग्नाच्या आठवडाभर आधी. हळदीच्या दिवशी फोन करून नकार कळवू नये. त्या दिवशी यजमान धड ऐकतही नाहीत, आणि ऐकलंच तर मनाला लावून घेतात. ऐनवेळी अपघात किंवा दवाखाना असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हाही नवऱ्या मुलाच्या बापाला फोन न लावता त्याच्या भावाला किंवा जवळच्या माणसाला कळवा आणि "वरात झाल्यावर सांगा" म्हणा.

ज्यानं आवतण दिलं त्यालाच नकार कळवायचा. चुलते येऊन गेले असतील तर चुलत्यांना. मावशीनं तुमच्या बायकोला कुंकू लावून बोलावलं असेल तर बायकोनं मावशीला. नवरदेवाला व्हॉट्सॲपवर "सॉरी भावा" टाकून मोकळं होऊ नये, कारण तो त्या गडबडीत घरात सांगत नाही आणि घरचे तुमची वाट बघत बसतात. तिसऱ्याच्या तोंडून निरोप तर अजिबात नको. "त्यांना काय यायचंय, मोठी माणसं ती" ही चार शब्दांची भर वाटेत कोण घालेल, सांगता येत नाही.

४. कोणतं कारण पटतं आणि कोणतं पटत नाही?

ज्याला तारीख आहे, जागा आहे आणि जे तुमच्या हातात नाही, ते पटतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये घरात दहावी-बारावीचं पोर असेल तर कुणी दुसरा प्रश्न विचारत नाही. गुरुजींची निवडणूक ड्यूटी, कोर्टाची तारीख, सुनेचे दिवस भरत आलेले, ऊसतोडीला गेलेली टोळी मुकादमाची उचल फिटेपर्यंत कारखान्यावरून सुटत नाही, जूनमध्ये वापसा आला आणि पेरणी खोळंबली: ही कारणं ऐकणाऱ्यानंही भोगलेली असतात. "रविवारी हरभऱ्याला मळणीयंत्र मिळालंय, पुन्हा आठ दिवस मिळणार नाही" हे वाक्य शेतकऱ्याला शेतकऱ्यानं सांगितलं तर तिथंच विषय मिटतो. तेच कारण पुण्यात नोकरी करणाऱ्या आणि रान बटईनं दिलेल्या पुतण्यानं सांगितलं तर मात्र लोक हसतात. कारण खरं असून भागत नाही, ते तुमच्या तोंडी शोभलं पाहिजे.

"कामं फार आहेत", "सुट्टी मिळाली नाही", "तब्येत जरा नरम आहे" ही तिन्ही कारणं खरी असली तरी खोटी वाटतात, कारण त्यांना तपशील नसतो. सुट्टीचंच कारण असेल तर नीट सांगा: "कंपनीत त्या आठवड्यात ऑडिट आहे, आमच्या विभागातून कुणालाच सोडत नाहीत."

कारण एकच द्या. दोन-तीन एकदम दिली की ऐकणारा समजतो, यातलं एकही खरं नाही. आणि जे द्याल ते घरात सगळ्यांना माहीत पाहिजे. तुम्ही ऑडिट सांगता, आई भाजीबाजारात त्याच घरच्या बाईला "पोराच्या पायाला लागलंय" सांगते, आणि त्या रविवारी तुमची मुलगी स्टेटसला म्हैसमाळचे फोटो टाकते. दांडी मारलेली लोक विसरतात, हे विसरत नाहीत.

५. खरं कारण सांगण्यासारखं नाही. पैशाची ओढाताण आहे किंवा तिथल्या एका माणसाशी अबोला आहे. खोटं बोलू का?

खोटं बोलण्यापेक्षा कमी बोला. "घरची एक अडचण आहे, फोनवर नको, भेटल्यावर सांगतो" हे वाक्य मराठवाड्यात सगळीकडे चालतं, कारण प्रत्येक घरात तशी एक अडचण असतेच. जाणतं माणूस पुढे खोदत नाही. खोदलंच तर "तुम्ही घरचे आहात म्हणून एवढं तरी बोललो" म्हणून थांबा.

पैशाचं कारण बहुतेक वेळा आहेराचं असतं. सोयाबीनचे पैसे आलेले नसतात आणि एकाच महिन्यात सात पत्रिका येऊन पडलेल्या असतात. अशा वेळी सातही ठिकाणी जाणं टाळण्यापेक्षा घरटी एक माणूस पाठवणं बरं. त्याचा हिशोब प्रश्न ९ मध्ये आहे.

अबोल्याचं थोडं वेगळं आहे. भांडण यजमानाशी नसून त्याच्या भावाशी असेल, तर ते यजमानाला आधीच ठाऊक असतं. त्याच्यापुढे ऑडिटची गोष्ट रचू नका. "दादा, तुमच्या कार्यात माझ्यामुळं तोंडातोंडी नको. हळदीच्या आदल्या दिवशी येऊन पोरीला भेटून जातो" म्हणा. असा नकार यजमानाला उलट हलकं करून जातो.

६. आजारपण किंवा सुतक सांगितलं तर कुणी जास्त विचारत नाही. चालेल का?

सुतक कधीही नाही. भावकीत कोण गेलं हे गावाला तासाभरात कळतं, त्यामुळे ते खोटं टिकत नाहीच. वर शुभकार्याच्या तोंडावर मरणाचं नाव काढलं म्हणून यजमानीणबाई जन्मभर बोलतात. खरंच सुतक असेल तर सांगायला अजिबात संकोच नको. उलट न सांगता मांडवात गेलात तर पंचाईत होते.

खोट्या आजारपणाची अडचण अशी की लोक भेटायला येतात. लग्नाहून परतताना पाचजण गाडी वळवतात, केळी-सफरचंदं घेऊन दारात उभे राहतात, आणि तुम्ही अंगणात गाडी धुताना सापडता.

७. एकाच तिथीला दोन लग्नं आहेत, दोन्ही जवळची. कुठं नाही म्हणू?

एप्रिल-मेमध्ये दाट तिथीला हे घरोघरी होतं. एक उदाहरण तपशिलानं घेऊ. घर जालन्याचं, नवरा-बायको, एक कॉलेजातला मुलगा. अंबडला चुलत पुतण्याचं लग्न, आणि परतूरला बायकोच्या मावसभावाचं. दोन्हीकडे मुहूर्त साडेबाराच्या आसपास. अंबड आणि परतूर जालन्याहून वेगवेगळ्या दिशांना आहेत. "इथं अक्षता टाकून तिथं जेवायला पोचू" हा बेत बहुतेकजण करतात. मुहूर्त साडेबाराचा असला तरी लग्न दीड-दोनला लागतं, त्यामुळे एकीकडे अक्षता चुकतात आणि दुसरीकडे मांडव उतरवत असतात. नुसतं तोंड दाखवून पळालेला पाहुणा दोन्ही घरांना लागतो.

इथं वाटणी करावी. भावकीतल्या लग्नात नवऱ्याचं उभं राहणं लागतं, माहेरच्या लग्नात बायकोचं. तेव्हा नवरा अंबडला, बायको आणि मुलगा परतूरला. म्हणजे नकार दोन झाले: नवऱ्यानं परतूरला कळवायचा, बायकोनं अंबडला. बायकोनं माहेरी सांगून टाकावं म्हणून नवरे गप्प बसतात, ते चुकीचं. जावई स्वतः बोलला की वजन वेगळं पडतं. मावससासऱ्यांना फोन असा:

"मामा, पत्रिका मिळाली. त्याच मुहूर्ताला आमच्या अंबडच्या पुतण्याचं लग्न आहे, भावकीचं आहे, मला तिथून हलता येत नाही. पोरगं आणि ही तुमच्याकडे आदल्या दिवशीच मुक्कामाला येतील. पोराला हाताशी घ्या, काय लागेल ते काम सांगा. मी पूजेला येतो."

मामा म्हणतील, "दाजी, तुमच्याशिवाय कसं जमंल?" त्यावर पुन्हा कारण सांगत बसायचं नाही. "पूजेला सकाळीच हजर होतो बघा" म्हणायचं आणि मुलीकडच्या तयारीची विचारपूस सुरू करायची.

अंबडला बायकोनं जाऊबाईंना याच पद्धतीनं सांगायचं, आणि हळदीच्या आधी एखाद्या संध्याकाळी दोन तास जाऊन यायचं. लग्नाच्या दिवशी अंबडचे फेटे बांधलेले फोटो परतूरच्या मांडवात मोबाइलवर दिसणारच. आधी सांगितलेलं असलं की त्या फोटोतून राग निघत नाही, उलट दोन्हीकडे विषय होतो: "कसं काय, तिकडं पंगत कशी झाली?" आणि पूजेला येतो म्हटलं असेल तर जाच. पूजेला पाहुणे थोडे असतात, यजमान मोकळे असतात. लग्नाच्या गर्दीत पाच मिनिटं मिळाली नसती, तिथं तासभर बसणं होतं.

८. लग्नाला जाता येणार नाही, पण मनापासून काही करायचं आहे. काय करावं?

केळवण करा. आमच्या मते या सगळ्या पानावरचा हाच सगळ्यात उपयोगी उपाय आहे. लग्नाच्या आधी पंधरा-वीस दिवसांत नवरदेवाला किंवा नवरीला आई-वडिलांसह जेवायला बोलवा. पुरणपोळी किंवा शेवयाची खीर, पाटाभोवती रांगोळी, ओवाळून कपडे किंवा पाकीट. ज्यांना पुढे नकार कळवायचा आहे त्यांना आधी जेवू घाला, आणि जेवण झाल्यावर सुपारी कातरताना सांगा. समोरासमोर सांगितलेलं कारण फोनपेक्षा पटतं, आणि तुम्ही कार्यात वाटा उचललेलाच असतो. लग्नाला न आलेल्यांची नावं निघतात तेव्हा घरातलीच कुणीतरी बाई म्हणते, "त्यांनी केळवण केलं की."

एक लक्षात ठेवा: आधी फोनवर नकार आणि मग केळवणाचं बोलावणं, असा उलटा क्रम झाला तर ते भरपाईसारखं दिसतं.

९. न जाता आहेर पाठवावा का? किती, आणि कसा?

पाठवावा. किती, ते तुमच्या घरची आहेराची जुनी वही सांगेल. त्यांनी तुमच्या कार्यात जे केलं त्याहून थोडं वर, एवढाच नियम. त्यांनी ५०१ केले असतील तर तुम्ही ७०१ किंवा १,१०१ करा. एकदम पाच हजार पाठवले तर पुढच्या कार्यात त्यांच्यावर बोजा पडतो. त्यांनी फेटा-साडीचा भर आहेर केला असेल तर नुसतं पाकीट बरं दिसत नाही, कापड पाठवा.

पाकिटावर पूर्ण नाव आणि गाव लिहा. एकाच आडनावाची दहा पाकिटं असतात, आणि वही लिहिणारा बहुधा कॉलेजचा मुलगा असतो, त्याला तुम्ही कोण ते माहीत नसतं. ज्याच्या हाती द्याल त्याला "वहीत नाव लिहूनच निघ" असं बजावा. यूपीआयनं पाठवायचं तर नवरदेवाला नको, कर्त्या माणसाला, लग्नाच्या एक-दोन दिवस आधी किंवा नंतर, आणि सोबत फोन. मांडवात मोबाइल कुणी बघत नाही. पत्रिकेवर "आहेर आणू नये" छापलं असेल तर पैसे पाठवू नका, नंतर भेटायला जाताना पेढे न्या.

१०. नाही म्हणताच येत नाही अशी नाती कोणती?

नवरीचा मामा. मंगलाष्टकांच्या वेळी तो पाठीशी लागतो. सख्खी आत्या, सख्खे चुलते, घरचा जावई, ज्यांच्याकडे देवकाचं काम आहे ते. यांना दवाखान्यात भरती असल्याशिवाय सुटका नाही, आणि युक्त्या शोधू नयेत. मामा खरंच येऊ शकत नसेल तर मामाच्या जागी कोण उभं राहणार, हे त्यानं स्वतः ठरवून, त्या माणसाशी बोलून मगच बहिणीला सांगावं. बहिणीला प्रश्न नाही, उत्तर गेलं पाहिजे. नवा जावई येत नसेल तर मुलीला एकटीला पाठवताना दिराला किंवा सासऱ्यांना सोबत द्या. एकटी आलेली नवी नवरी बघून मांडवात कुजबुज सुरू होते.

११. नकार दिला, तरी ते पुन्हा घरी आले: "तुम्ही नाही तर कार्य नाही." आता?

हा आग्रह म्हणजे मान आहे, संशय नाही. त्याला नवं कारण देऊ नका आणि पहिलं कारण वाढवूनही सांगू नका. तेच वाक्य, त्याच शब्दांत. मग काहीतरी हातात द्या: "मुलगा चार दिवस आधी पाठवतो" किंवा "ट्रॅक्टर-ट्रॉली सामानाला घेऊन जा". आग्रह करणाऱ्याला रिकाम्या हातानं परत जायचं नसतं.

१२. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर पत्रिका आली आहे. तिथंही नकार कळवायचा का?

वर्गमित्रांचा किंवा ऑफिसचा ग्रुप असेल तर शुभेच्छा द्या, नकाराची घोषणा नको. एकानं "जमणार नाही" लिहिलं की खाली दहा नकारांची रांग लागते आणि यजमानाला ते वाचत बसावं लागतं. त्यानं वेगळा फोन केला असेल तर मात्र प्रश्न ३ लागू होतो.

१३. नाही सांगून झालं, आणि आता कोर्टाची तारीख पुढे गेली. अचानक जाऊन उभं राहू का?

जा, पण आदल्या दिवशी फोन करून. न कळवता गेलात तर आनंद होतो, तसंच "मग आधी का नाही म्हणाले?" असंही वाटून जातं. तुमच्याऐवजी कुणाला काही काम दिलं असेल तर ते परत मागू नका.

१४. जिच्या लग्नाचं बोलावणं आहे ती मुलगी अजून अकरावीला आहे, तिच्या घरचे म्हणतात मोठी झाली. जायचं नाही, पण नातंही तोडायचं नाही. काय कारण सांगू?

इथं कारण शोधण्याचा प्रश्न नाही. मुलीला १८ आणि मुलाला २१ पूर्ण नसतील तर २००६ च्या कायद्यानुसार तो बालविवाह आहे. लावणाऱ्यांवर गुन्हा दाखल होतो, आणि पत्रिकेत नाव असलेले, मांडवात पुढे दिसलेले नातेवाईकही चौकशीत ओढले जाऊ शकतात. हेच मुलीच्या वडिलांना एकांतात, लग्नाच्या बऱ्याच आधी सांगा: "दाखल्यावरची तारीख बघा. वर्ष-दीड वर्ष थांबा, मग मीच पुढं होऊन लावतो." आपल्या भागात असं घरच्या माणसाच्या शब्दावर पुढं ढकललेलं लग्न नवं नाही.

ऐकलं नाही तर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनच्या क्रमांकावर कळवता येतं, फोन करणाऱ्याचं नाव उघड केलं जात नाही. गावात ग्रामसेवकाकडेही सांगता येतं, बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून ती त्याची जबाबदारी आहे. हे हळदीच्या आधी व्हावं. अक्षता पडल्यावर पोलीस आले तर मुलीचे हाल जास्त होतात.